रिकामा पलंग दिसण्याआधी: वॉर्डातल्या एका निरोपाचा प्रकरण अभ्यास

हाडांच्या वॉर्डात सहा पलंगांच्या एका खोलीत घडलेलं हे प्रकरण आहे. मी त्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. संबंधितांची नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. डिस्चार्जच्या दिवशी रुग्ण सगळ्यांचा निरोप घेतो ही गोष्ट कुठल्याच फॉर्मवर नसते. ज्याला वेळ मिळतो तो घेतो, नाही मिळाला तर हात हलवत निघतो. या रुग्णाच्या बाबतीत मात्र निरोप नीट आखावा लागला. आधी कारण सांगते, मग काय केलं ते.

पार्श्वभूमी

रुग्ण एकसष्ट वर्षांचे, खिडकीजवळच्या पलंगावरचे. सगळे त्यांना काका म्हणायचे. कमरेच्या मणक्यात जंतुसंसर्ग झाला होता आणि रक्ताच्या तपासणीत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सापडला होता. अशा संसर्गात औषध हाडात कमी प्रमाणात पोचतं, म्हणून अँटिबायोटिक साधारण सहा आठवडे द्यावं लागतं. काकांना ते दर आठ तासांनी शिरेतून दिलं जात होतं आणि त्यासाठी दंडात पिक लाइन, म्हणजे शिरेतून हृदयाजवळपर्यंत जाणारी लांब बारीक नळी, घातलेली होती. पहिले दोन आठवडे त्यांना कुशीवर वळतानाही दोघांचा आधार लागायचा. तिसऱ्या आठवड्यापासून कंबरेचा पट्टा बांधून, वॉकर धरून ते चालायला लागले. त्यानंतर ते वॉर्डात होते ते फक्त औषधाचे दिवस पुरे व्हायचे म्हणून.

असा रुग्ण हळूहळू वॉर्डाचाच माणूस होतो. दुखणं मागे पडलेलं असतं, हातात वेळ असतो आणि वॉर्डाचं वेळापत्रक त्याला पाठ झालेलं असतं. नवीन आलेल्याला बेल कुठे आहे, राउंड किती वाजता होतो, ड्रेसिंगच्या आधी दुखण्याची गोळी मागून घ्यायची असते, हे काकाच सांगायचे. त्यांच्यामुळे आमचं काम हलकं व्हायचं आणि आम्ही ते गृहीत धरायला लागलो होतो.

त्यांच्या शेजारच्या पलंगावर चोवीस वर्षांचा एक मुलगा होता. अपघातात त्याच्या पायाचं हाड मोडलं होतं, बाहेरून सळ्यांची चौकट बसवली होती आणि एका सळीभोवती पू झाल्याने मुक्काम लांबला होता. फिजिओथेरपीला तो रोज नकार द्यायचा. काका त्याच्याशी वाद घालत नसत. फिजिओथेरपिस्ट आल्या की स्वतः वॉकर घेऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "चल, दारापर्यंत. मी पुढे." तो उठायचा.

समोरच्या पलंगावर एकोणऐंशी वर्षांचे आजोबा होते. खुब्याचं हाड मोडून शस्त्रक्रिया झालेली, आणि त्यानंतर संध्याकाळ झाली की ते गोंधळायचे. आपण कुठे आहोत हे त्यांना कळेनासं व्हायचं. काका रोज सकाळी त्यांना वार, तारीख आणि जागा सांगायचे. अशा गोंधळलेल्या रुग्णाला ओळखीच्या माणसाने ठरलेल्या वेळी हे सांगत राहणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो काका न शिकवता करत होते.

चौथे गृहस्थ आधी याच खोलीत होते. पण अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब सुरू झाले, तपासणीत क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल आढळला आणि त्यांना कॉरिडॉरच्या टोकाला स्वतंत्र खोलीत हलवावं लागलं. काकांची आणि त्यांची बुद्धिबळाची जोडी होती. एक डाव अर्धाच राहिला होता.

अडचण

वॉर्डात डिस्चार्ज सहसा असा होतो. दहाच्या राउंडला डॉक्टर "आज सोडा" म्हणतात. मग डिस्चार्ज कार्ड लिहून होणं, फार्मसीतून औषधं येणं, बिलाचा हिशेब होणं, यात तीन-चार तास जातात. त्या वेळात कुणालाच नक्की सांगता येत नाही की रुग्ण कधी निघेल. आणि एकदा कागद हातात आला की सगळ्यांनाच घाई होते, कारण खालच्या तातडीच्या विभागात पलंगाची वाट बघत कुणीतरी स्ट्रेचरवर असतं. नातेवाईक बॅगा उचलतात, रुग्ण निघतो, मावशी पलंगावरची चादर काढतात, गादी आणि लॉकर जंतुनाशकाने पुसून होतं. शेजारचा रुग्ण त्या वेळी एक्सरेला किंवा ड्रेसिंगला गेलेला असेल, तर परत येऊन त्याला दिसतो तो रिकामा, पुसलेला पलंग.

रिकाम्या पलंगाचे वॉर्डात दोन अर्थ असतात. माणूस घरी गेला तरी पलंग असाच दिसतो आणि माणूस दगावला तरी असाच दिसतो.

या खोलीत दुसरा अर्थ ताजा होता. सुमारे दोन आठवड्यांपूर्वी दाराजवळच्या पलंगावरचे एक रुग्ण रात्री अचानक गेले. पडदे ओढले गेले, धावपळ झाली, आणि सकाळी तिथे पांढरी चादर घातलेला पलंग होता. त्या मुलाने विचारलं तेव्हा कुणीतरी त्याला सांगितलं की त्यांना दुसरीकडे शिफ्ट केलं. दुपारपर्यंत त्याला खरं कळलं. त्या दिवसापासून "शिफ्ट केलं", "घरी गेले" या आमच्या तोंडच्या वाक्यांवरचा त्याचा विश्वास उडाला होता. स्वतंत्र खोलीत हलवलेले गृहस्थ खरंच जिवंत आहेत का, हेसुद्धा त्याने काकांना जाऊन बघून यायला सांगितलं होतं. काका बघून आले, तेव्हाच त्याला पटलं.

भर म्हणून काकांचा डिस्चार्ज एकदा ठरून रद्द झाला होता. शुक्रवारी राउंडला "सोमवारी सोडू" असं म्हटलं गेलं. काकांनी शनिवार-रविवारी सगळ्यांचा निरोप घेतला, आजोबांच्या पाया पडले, मुलाला आपलं बुद्धिबळ देऊन टाकलं. सोमवारी सकाळी सीआरपीचा, म्हणजे शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आधीपेक्षा वाढलेला आला. डॉक्टरांनी थांबायचं ठरवलं. पुन्हा तपासणी, रक्ताचं कल्चर, एक जादा एमआरआय. त्यात काही वाईट निघालं नाही आणि आकडा खाली आला, पण चार दिवस गेले. तो मुलगा त्या चार दिवसांत काकांशी नीट बोलला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "एकदा झालं ना सिस्टर. आता पुन्हा ते सगळं नको."

म्हणजे अडचण दुहेरी होती. आधी सांगितलं तर तारीख हुकण्याची भीती, आणि ऐनवेळी सांगितलं तर त्या मुलाला, आणि काही प्रमाणात आजोबांनाही, पुन्हा नुसता रिकामा पलंग दिसण्याची भीती.

समोर असलेले पर्याय

गुरुवारी दुपारी सीआरपी पुन्हा नॉर्मलच्या जवळ आला आणि डॉक्टरांनी शुक्रवारी सोडायचं नक्की केलं. त्या संध्याकाळी मी, स्टाफ सिस्टर आणि वॉर्डाच्या समाजसेविका अशा तिघी पंधरा मिनिटं बसलो.

पहिला विचार असा आला की काहीच करू नये. निरोप ही रुग्णांची आपसातली गोष्ट, त्यात आपण कशाला पडायचं? हे मत माझ्या सहकारी सिस्टरचं होतं आणि ते चुकीचं नव्हतं. बहुतेक डिस्चार्जमध्ये असंच असावं. पण इथे त्या मुलाचं जेवण आणि फिजिओथेरपी काकांवर टेकलेली होती, आणि मागच्या प्रसंगाचं ओझं होतं. त्यामुळे तो मार्ग आम्ही सोडला.

मग प्रश्न उरला कधी सांगायचं याचा. ठरलं ते असं: डॉक्टरांची लेखी ऑर्डर पडल्याशिवाय कुणाला काही बोलायचं नाही, पण ती पडल्यावर त्याच संध्याकाळी काकांनी स्वतः सांगायचं. म्हणजे आपण जाणार हे शेजाऱ्याला एक रात्र आधी कळेल. एका रात्रीचा हा वेळ मला फार मोलाचा वाटतो. ऐनवेळी कळलं की माणूस फक्त "बरं, काळजी घ्या" म्हणतो. रात्र मिळाली की त्याला विचारायचं आहे ते आठवतं.

सर्वात अवघड निर्णय स्वतंत्र खोलीतल्या गृहस्थांचा होता. काकांना त्यांना भेटायचंच होतं. मास्क, गाउन, हातमोजे घालून दोन मिनिटं जाऊ द्यावं असं एक मत होतं. मी नाही म्हटलं. या जंतूचे बीजाणू पलंगाच्या कठड्यावर, दाराच्या मुठीवर बराच काळ टिकतात आणि हाताला चोळायच्या अल्कोहोलने मरत नाहीत. हातावरून ते साबण-पाण्याने धुवूनच काढावे लागतात. आणि काका स्वतः सहा आठवड्यांहून जास्त अँटिबायोटिक घेतलेले. त्या औषधाने आतड्यातले चांगले जंतूही मारले जातात, त्यामुळे हेच जुलाब होण्याचा धोका त्यांनाच सर्वात जास्त, आणि तो धोका औषध थांबल्यावरही साधारण तीन महिने राहतो. वॉर्डातल्या दुसऱ्या कुणाला कदाचित जाऊ दिलं असतं. त्यांना नाही. दाराला काच होती आणि आत इंटरकॉम होता, त्यावर भेट होऊ शकत होती.

काय केलं

गुरुवारी संध्याकाळी काकांनी मुलाला सांगितलं. पण त्याआधी माझं आणि काकांचं एक बोलणं झालं, आणि या सगळ्या प्रकरणात ते मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. काका म्हणाले, "त्याला सांगतो, दर रविवारी येईन भेटायला." मी त्यांना विचारलं, की सलग किती वेळ बसता येतं? अर्धा तास, पट्टा बांधून. घरून इथे यायला किती वेळ लागतो? त्यांनी हिशेब केला आणि गप्प झाले. मी म्हटलं, "काका, तो रविवारी दाराकडे बघत बसेल. तुम्हाला नक्की जमेल तेवढंच सांगा." काकांनी मग ठरवलं, की सोमवारी संध्याकाळी सहा वाजता फोन करायचा, आणि दोन आठवड्यांनी ओपीडीत दाखवायला येतील तेव्हा वर येऊन भेटायचं. एक फोन आणि एक भेट, दोन्हींचा दिवस ठरलेला.

निघणारा माणूस भरभरून बोलतो. त्या क्षणी त्याला सगळ्यांसाठी सगळं करावंसं वाटतं आणि ते मनापासून असतं. पण घरी गेल्यावर थकवा येतो, औषधांच्या वेळा असतात, घरातली कामं असतात. मागे राहिलेल्याकडे मात्र वाट बघण्याशिवाय फारसं काही नसतं. न पाळलेलं वचन त्याला किती लागतं हे आम्ही वॉर्डात बघतो, निघून गेलेल्याला ते कधी कळतही नाही.

फोन नंबर त्यांनी आपसात घेतले. ते त्यांचं त्यांनी ठरवायचं; आम्ही कुणाचा नंबर कुणाला देत नाही. एक गोष्ट मात्र काकांना आधीच सांगून ठेवली, की वॉर्डात फोन करून "तो कसा आहे?" असं विचारलंत तर आम्हाला सांगता येणार नाही. काकांना ते खटकलं. "इतके दिवस मीच त्याला उठवत होतो, आणि मलाच नाही सांगणार?" मी म्हटलं, तो स्वतः सांगेल ते सगळं ऐका, आमच्याकडून मात्र त्याच्या तब्येतीची माहिती बाहेर जाणार नाही, तशीच तुमचीही कुणाला जाणार नाही. हे निघायच्या आधी सांगितलेलं बरं असतं. नंतर फोनवर ऐकलं की माणसाला वाटतं, गेल्याबरोबर परका झालो.

दुसरी तजवीज रात्रपाळीची. दुखणं सर्वात जास्त होतं त्या पहिल्या आठवड्यात काकांजवळ ज्या सिस्टर आणि ज्या मावशी होत्या, त्या दोघी रात्रीच्या. डिस्चार्ज नेहमी दुपारी होतो, म्हणून रात्रपाळीला निरोप जवळपास कधीच मिळत नाही. त्यांच्या दृष्टीने रुग्ण एका रात्री असतो आणि दुसऱ्या रात्री त्या पलंगावर वेगळं नाव असतं. सकाळी ड्युटी बदलताना भेटवणं योग्य नव्हतं, कारण त्या वेळी एकेका रुग्णाची माहिती पुढच्या पाळीला द्यायची असते आणि तिथे लक्ष विचलित झालं तर काहीतरी सांगायचं राहतं. म्हणून सहाच्या सुमारास, ताप-बीपी बघून झाल्यावर आणि हँडओव्हर सुरू व्हायच्या आधी, ही भेट झाली. काकांनी मावशींच्या हातात एक पाकीट ठेवलं. मावशींनी ते परत केलं. पैसे घ्यायचे नाहीत हा आमचा नियम आहे, पण नियम सांगून पाकीट परत केलं की देणाऱ्याला अपमान वाटतो. मावशी एवढंच म्हणाल्या, "काका, साहेबांना चार ओळी लिहा माझ्याबद्दल, त्या मला उपयोगी पडतील." काकांनी लिहिल्या, नाव घालून आणि कोणत्या रात्री काय केलं ते सविस्तर. आठवा दिवस, रात्री दोन वाजता, लघवी अडकली होती तेव्हा त्यांनीच पहिल्यांदा ओळखून सिस्टरला बोलावलं होतं. असं पत्र त्या कर्मचाऱ्याच्या फाइलला लागतं. "सर्व स्टाफचे आभार" एवढ्यानं तसं काही होत नाही.

साडेनऊला पिक लाइन काढली. ती काढताना रुग्णाला सपाट झोपवतात, नळी पूर्ण बाहेर आली का हे घालतानाच्या नोंदीतल्या लांबीशी ताडून बघतात, जागेवर दाबून धरतात, हवाबंद ड्रेसिंग लावतात आणि साधारण अर्धा तास पडून राहायला सांगतात. या अर्ध्या तासात आजोबांना खुर्चीत बसवून काकांच्या पलंगाजवळ आणलं. काकांनी रोजच्यासारखं सांगितलं, आज शुक्रवार, आपण हॉस्पिटलमध्ये आहोत, तुमच्या पायाचं ऑपरेशन झालंय. आणि पुढे एक वाक्य जोडलं, की मी बरा झालो, आज घरी चाललो. आजोबांनी हात धरून ठेवला. त्यांना किती कळलं हे सांगता येत नाही. पण वार-तारीख सांगायचं काम काकांनी तिथेच, आजोबांच्या देखत, सकाळच्या सिस्टरकडे सोपवलं.

अकरा वाजता पेच आला. मुलाला ड्रेसिंग आणि एक्सरेसाठी खाली न्यायचं होतं, आणि त्याच वेळी तातडीच्या विभागातून फोन आला की पलंग हवा आहे. मुलगा परत येईपर्यंत पलंग अडवून ठेवावा, तर खाली मांडीचं हाड मोडलेल्या एका बाई स्ट्रेचरवर वाट बघत होत्या. त्यांचं दुखणं निरोपापेक्षा मोठं होतं, यात मला तेव्हाही शंका नव्हती. आम्ही काकांना खुर्चीत, बॅगांसकट, डे-रूममध्ये बसवलं आणि पलंग सोडला. पण मुलाला खाली नेण्याआधी त्याला सांगितलं: परत येशील तेव्हा पलंग रिकामा असेल किंवा त्यावर दुसरं कुणी असेल. काका डे-रूममध्ये आहेत, तुला भेटल्याशिवाय निघणार नाहीत. परतताना त्याची चाकाची खुर्ची आधी तिकडेच न्यायची असं वॉर्डबॉयला सांगितलं.

तसंच झालं. दोघं दहा मिनिटं बसले. काकांच्या मुलीला सगळ्यांसोबत वॉर्डात फोटो हवा होता. खोलीत फोटो काढला की पलंगांवरचे फलक, केसपेपर, पडद्याआड झोपलेले इतर रुग्ण सगळं त्यात येतं आणि त्यांची परवानगी कुणी घेतलेली नसते. म्हणून ज्यांनी हो म्हटलं त्यांचाच, डे-रूमच्या कोऱ्या भिंतीसमोर काढला.

निघताना काका कॉरिडॉरच्या टोकाला गेले. काचेपलीकडच्या गृहस्थांनी इंटरकॉम उचलला. काकांनी अर्ध्या डावाची मांडणी कागदावर लिहून आणली होती. कागद बाहेरून आत नेता येतो, आतून बाहेर येऊ द्यायचा नाही, म्हणून सिस्टरने तो आत पोचवला. पुढची खेळी फोनवर सांगायची असं ठरलं.

परिणाम

त्या मुलाने शुक्रवारी दुपारची फिजिओथेरपी नाकारली. शनिवारी दारापर्यंत गेला. सोमवारी सहाच्या पाच मिनिटं आधी फोन हातात घेऊन बसला होता आणि फोन आला. काका दोन आठवड्यांनी ओपीडीच्या दिवशी वरही आले. मला यात एवढंच दिसतं, की रिकाम्या पलंगाबद्दल त्याने या वेळी कुणालाच काही विचारलं नाही.

आजोबा त्या संध्याकाळी पुन्हा पुन्हा विचारत राहिले, "ते खिडकीजवळचे कुठायत?" आम्ही सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं ठरवलं होतं, "काका बरे झाले, घरी गेले." "येतील उद्या" असं म्हणून त्यांना झोपवणं सोपं होतं. पण मग उद्या तोच प्रश्न येतो आणि गोंधळलेल्या माणसाला तीन पाळ्यांत तीन उत्तरं मिळाली की त्याचा गोंधळ वाढतो. तीन-चार दिवसांनी त्यांचं विचारणं थांबलं.

एक गोष्ट मात्र बिघडली. डिस्चार्जच्या दिवशी सकाळच्या रिपोर्टमध्ये काकांचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा, थोडं वाढलेलं दिसलं. म्हणून त्यांची नेहमीची दुखण्याची गोळी, जी मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते, ती बंद करून त्याऐवजी पॅरासिटामॉल लिहिलं गेलं. हा बदल कार्डावर होता. तो त्यांना डे-रूममध्ये, मुलगा परत येत असताना, दोघं-तिघं निरोपाला आलेले असताना सांगितला गेला. काका "हो हो" म्हणाले. दोन दिवसांनी आम्ही नियमाप्रमाणे फोन केला तेव्हा कळलं, की घरात जुनी गोळी शिल्लक होती आणि ते तीच घेत होते. लगेच बंद करायला सांगितलं, आठवड्याने तपासणी केली, क्रिएटिनिन पूर्ववत आलं. नुकसान झालं नाही, पण होऊ शकलं असतं.

बाकीच्या सूचना त्यांच्या नीट लक्षात होत्या: ताप आला, पाठदुखी वाढली, पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेला तर लगेच यायचं, दिवसात तीनपेक्षा जास्त पातळ जुलाब झाले तर स्वतःच्या मनाने औषध न घेता कळवायचं. कारण त्या आदल्या संध्याकाळी शांतपणे सांगून, त्यांच्याच शब्दांत परत म्हणवून घेतल्या होत्या.

वेगळं काय करता आलं असतं

सूचना आणि निरोप यांची गाठ पडू द्यायला नको होती. ज्या वेळी माणसाचा गळा दाटून आलेला असतो, त्या वेळी त्याला औषधाचं नाव सांगणं म्हणजे न सांगण्यासारखंच. ऐनवेळी बदल झालाच, तर रुग्णाला बाजूला घेऊन, दार लावून, सोबतच्या नातेवाइकासमोर सांगायचा, परत म्हणवून घ्यायचा, आणि घरात जुन्या गोळ्या आहेत का हे विचारायचं. हा शेवटचा प्रश्न आम्ही आता प्रत्येकालाच विचारतो. औषधं आणि सूचना पूर्ण झाल्यावरच निरोप सुरू, असा क्रम ठेवला आहे. उलट क्रमाने गेलं की सूचनांना उरलेलं लक्ष मिळतं, आणि ते फार कमी असतं.

पहिल्या, रद्द झालेल्या तारखेबद्दल मला अजून पूर्ण समाधान नाही. राउंडला "सोमवारी सोडू" हे वाक्य सहा पलंगांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललं गेलं. डॉक्टर दिलासा द्यायला तसं बोलतात, पण जंतुसंसर्गाच्या रुग्णात शेवटचा रिपोर्ट यायच्या आधी वार सांगू नये. "सोमवारचा रिपोर्ट बघू, चांगला आला तर ठरवू" एवढं म्हणता येतं. आमच्या डॉक्टरांना हे सांगितलं, बहुतेकांनी मानलं.

दाराजवळच्या पलंगावरचे रुग्ण गेले त्या सकाळी त्या मुलाला खरं सांगायला हवं होतं. नाव, आजार, कारण यातलं काहीच सांगायची गरज नव्हती. "ते रात्री गेले, आम्हालाही वाईट वाटलं" एवढं पुरे होतं, आणि तेही त्यांच्या घरच्यांना कळवून झाल्यावर. ते झालं असतं तर काकांच्या निरोपाला एवढी तयारी लागलीच नसती, असं माझं मत आहे. माझ्या सहकारी सिस्टरला हे पटत नाही. तिच्या मते चोवीस वर्षांच्या, आधीच खचलेल्या मुलाला त्या क्षणी ते सांगणं जड गेलं असतं. आमचा हा वाद मिटलेला नाही.

ज्यांना अचानक दुसऱ्या विभागात किंवा दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये हलवावं लागतं, त्यांच्या बाबतीत यातलं बरंचसं जमत नाही. तिथे आम्ही एवढंच करतो, की निघणाऱ्याला विचारतो, "खोलीतल्यांना काय सांगू?" तो सांगेल तेच, त्याच शब्दांत, त्याच पाळीत खोलीत सांगितलं जातं. काही जण म्हणतात, काही सांगू नका. मग तसं.